दोन स्पीडच्या रॅम एकत्र लावल्यावर पीसी उठत नाही, दोष कुणाचा?

बावडेकर
कुठल्याही दोन रॅम एकत्र लावा, मदरबोर्ड आपोआप कमी स्पीडवर आणतो. माझ्याकडं २६६६ आणि ३२०० एकत्र कित्येक वर्षं चालतंय. ज्यांचा पीसी उठत नाही त्यांना डुप्लिकेट माल मिळालेला असतो. "मिक्स करू नका, नवीन किट घ्या" हे दुकानदारांनी माल खपवायला पसरवलंय.

लक्ष्मीपुरी_दुरुस्ती
हे वाचून गप्प बसवत नाही. असल्या सल्ल्यामुळं लोक चांगली रॅम "डुप्लिकेट" म्हणून दुकानात आपटतात, तिथं भांडण होतं आणि शेवटी ती रॅम कपाटात पडून राहते. माझ्या टेबलावर आलेलं एक मशीन सांगतो.

उद्यमनगरातलं ड्रॉइंगचं मशीन. रायझन ५ ३६००, बी४५० बोर्ड, आत ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या, ३२०० सीएल १६, एक्सएमपी चालू. ३२ जीबी करायचे म्हणून अजून ८-८ च्या दोन आणल्या, त्या २६६६ सीएल १९. लावल्या आणि डिस्प्ले गेला. पंखे फिरतात, बोर्डवरचा डीरॅमचा दिवा पेटतो, मशीन आपोआप बंद पडून परत चालू होतं. नवीन पट्ट्या काढल्या की व्यवस्थित. नुसत्या नवीन लावल्या तरी व्यवस्थित. मग यातलं डुप्लिकेट कोण?

३२०० वाल्या पट्टीचं घड्याळ १६०० मेगाहर्ट्झचं असतं. सीएल १६ म्हणजे सोळा ठोके, म्हणजे बरोबर १० नॅनोसेकंद. २६६६ चं घड्याळ १३३३ चं, एकोणीस ठोके म्हणजे साधारण सव्वाचौदा नॅनोसेकंद. एक्सएमपी चालू असलं की बोर्ड एका पट्टीतली प्रोफाइल वाचून ती सगळ्या स्लॉटना लावतो. म्हणजे जी चिप सव्वाचौदा नॅनोसेकंदांच्या हमीवर विकली, तिच्याकडं डेटा दहात मागायचा. चालू होताना बोर्ड पट्ट्यांशी वेळ जुळवून बघतो, त्या ट्रेनिंगमध्ये ती पट्टी उत्तरच देत नाही आणि बोर्ड तिथंच अडकतो. पट्टी खराब नाही, मागणी चुकीची आहे.

तुमचं "आपोआप कमी स्पीड" एक्सएमपी बंद असताना खरं आहे. एक्सएमपी म्हणजे बोर्डाला "आपोआप ठरवू नकोस, मी सांगतो ते लाव" असा हुकूम. काही बोर्ड नवीन पट्टी दिसली की स्वतःच एक्सएमपी बंद करतात. हा करत नव्हता.

शिवाजीपेठ
एवढी नॅनोसेकंदं कशाला मोजायलाय भावा? पट्टी काढायची, सोनेरी दातांवर खोडरबर फिरवायचा, परत बसवायची. पावसाळ्यात कोल्हापूरची हवा कसली दमट असते, दातांवर थर बसतोय. दहातली नऊ मशीनं माझ्याकडं अशीच चालू झालीत.

बावडेकर
@लक्ष्मीपुरी_दुरुस्ती म्हणजे माझं खरं, हे तुम्हीच लिहिलंत. माझं ३२०० + २६६६ तुमच्या डोळ्यांदेखत चालू आहे, ते कसं?

लक्ष्मीपुरी_दुरुस्ती
तुमचं बघायला ही कमांड पॉवरशेलमधे टाका आणि शेवटचा आकडा सांगा:

```
Get-CimInstance Win32_PhysicalMemory | Select DeviceLocator,PartNumber,ConfiguredClockSpeed
```

ड्राफ्टिंग_उद्यमनगर
ते मशीन आमच्याच ऑफिसातलं. एक गोष्ट राहिली म्हणून लिहिते. एक्सएमपी बंद करून चारही पट्ट्या लावल्यावर मशीन उठलं, पण स्पीड २१३३ दाखवत होतं. खोक्यावर कुठंच २१३३ नव्हतं. एका खोक्यावर ३२००, दुसऱ्यावर २६६६. मी तर परत फसवणूकच समजले होते.

लक्ष्मीपुरी_दुरुस्ती
बरं झालं आठवण केलीत, इथंच सगळे फसतात. प्रत्येक पट्टीवर एक छोटी चिप असते, तिच्यात त्या पट्टीला जमणाऱ्या वेगांची यादी लिहिलेली असते. तुमच्या जुन्या किटचं ३२०० हे फक्त एक्सएमपीच्या रकान्यात होतं. साध्या, म्हणजे जेडेकच्या यादीत ती पट्टी २१३३ वर संपत होती. बोर्ड दोन्ही याद्यांत बसणारा वेग धरतो, खोक्यावरचे आकडे त्याला माहीतच नसतात. म्हणून २६६६ नाही, २१३३.

सीपीयू-झेडमधला `SPD` टॅब उघडून स्लॉट बदलत बघा, यादी दिसते. तिथं आकडा अर्धा असतो, १०६६ दिसलं की २१३३ समजायचं. खरेदीच्या आधी हे बघितलं तर काय होणार ते घरी बसून कळतं.

३२०० सुद्धा दोन जातीची असते. एक १.२ व्होल्टवर सीएल २२ ची, जिच्या साध्या यादीतच ३२०० आहे. दुसरी १.३५ व्होल्टवर सीएल १६ ची, जिला एक्सएमपी लागतं. पहिली जात २६६६ सोबत बिनतक्रार २६६६ वर येते. बावडेकरांकडं बहुतेक तीच असणार.

शिवाजीपेठ
आणि खोडरबर? त्याचं उत्तर कुणी दिलं न्हाई.

कळंबा_नेटवर्क
कारण ते उत्तर देण्यासारखं नाही. सोनेरी दातांवरचा सोन्याचा थर अतिशय पातळ असतो. रबरानं घासून घासून तो जातो, खाली निकेल आणि तांबं उघडं पडतं, मग खरोखरच गंज धरतो. रबराचा चुरा स्लॉटमध्ये राहतो तो वेगळाच. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड घ्या.

शिवाजीपेठ
आमच्या गल्लीत अल्कोहोल कुठनं आणू? खोडरबर पाच रुपयाला मिळतोय. मी पंधरा वर्षं हेच करतोय, एक पट्टी गेली न्हाई. पुस्तकातलं बोलू नका.

कळंबा_नेटवर्क
मेडिकलच्या दुकानात मिळतं. पंधरा वर्षं चुकीचं केलं म्हणून ते बरोबर होत नाही.

शिवाजीपेठ
चुकीचं कसं? मशीन चालू होतंय का न्हाई? गिऱ्हाईक डिस्प्ले बघतंय, सोन्याचा थर न्हाई बघत. तुम्ही नेटवर्कवाले तारा ओढा.

लक्ष्मीपुरी_दुरुस्ती
दोघंही जरा थांबा. जुन्या ऑफिसांतल्या धूळ खाल्लेल्या मशीनला पट्टी काढून पुसून बसवण्यानं फायदा होतो, हे मीही रोज बघतो. पण नव्या किटच्या बाबतीत तुम्ही पट्टी काढता, मशीन एकदा वेगळ्या जोडणीवर उठतं, परत चार लावता तेव्हा बऱ्याच बोर्डांत रॅम बदलली म्हणून ट्रेनिंग नव्यानं होतं आणि सेटिंग साध्यावर येतं. श्रेय रबराला जातं. मग गिऱ्हाईक घरी जाऊन एक्सएमपी परत चालू करतं आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या दारात.

शिवाजीपेठ
परत येतात काही जण, हे खरं. मला वाटायचं स्लॉट ढिला. पण रबर मी सोडणार न्हाई.

इचलकरंजी_फोटो
माझा पण हाच त्रास. लग्नाच्या व्हिडिओसाठी नवीन मशीन घेतलं, रायझन ७६००, डीडीआर५ ६००० च्या दोन पट्ट्या. आता तसल्याच दोन अजून घेतल्या, अगदी तेच मॉडेल, तेच स्पीड. तरीही काळी स्क्रीन. दोन मिनिटं थांबून बटण दाबून बंद करतो, परत तेच. आता स्पीड तर एकच आहे!

लक्ष्मीपुरी_दुरुस्ती
तुमचा प्रश्न वेगळा आहे. स्पीड जुळूनही चार पट्ट्यांचं ओझं प्रोसेसरच्या मेमरी कंट्रोलरवर पडतं. रायझन ७००० साठी एएमडीनं दोन पट्ट्यांना ५२०० आणि चार पट्ट्यांना ३६०० एवढीच हमी दिलीय. चार पट्ट्यांना ६००० मागणं म्हणजे हमीच्या खूप बाहेर. दुसरं, डीडीआर५ वर पट्ट्या बदलल्यावर पहिलं ट्रेनिंग बरीच मिनिटं चालतं आणि तेवढा वेळ स्क्रीन काळीच असते. तुम्ही मधेच बटण दाबलं की ते पहिल्यापासून सुरू होतं. आधी दोनच पट्ट्या ठेवून एक्सपो, म्हणजे एएमडीचं एक्सएमपी, बंद करा, सेव्ह करा, पीसी बंद करून चारही लावा आणि पंधरा-वीस मिनिटं हात लावू नका.

इचलकरंजी_फोटो
म्हणजे दोन किट घेऊन ३६०० वर चालवायचं? दुकानदारानं हे सांगायला नको होतं का? परत घ्यायला तयार नाही तो.

ड्राफ्टिंग_उद्यमनगर
आमच्याकडं असंच झालं. "चालतंय, लावा" एवढंच बोलतात आणि बिलावर "परत घेतले जाणार नाही" छापलेलं असतं. विकताना कुणी जुन्या पट्टीचं मॉडेल विचारत नाही.

बावडेकर
हेच मी म्हणत होतो, दुकानदार!

ड्राफ्टिंग_उद्यमनगर
नाही हो, तुम्ही उलटं म्हणत होता. ते घाबरवतात असं तुम्ही लिहिलंय. आमचा अनुभव की ते काहीच सांगत नाहीत.

बावडेकर
कमांड टाकली. दोन्ही पट्ट्यांना २६६६ आलं. म्हणजे माझी ३२०० इतकी वर्षं २६६६ वरच चालली. तुमच्या त्या पहिल्या जातीची असावी, बायोसमध्ये एक्सएमपीचा पर्यायच दिसत नाही. ठीक आहे, "कुठल्याही दोन" हा शब्द मी मागं घेतो. पण उद्यमनगरच्या मशीनला शेवटी २१३३ च मिळालं ना? मग नवीन किट घ्या म्हणणारे बरोबर ठरले, मी नाही आणि तुम्हीही नाही.

लक्ष्मीपुरी_दुरुस्ती
नाही, २१३३ वर सोडलं नाही. एक्सएमपी बंदच ठेवून बायोसमध्ये हातानं २६६६ दिलं, टायमिंग मंद पट्टीचं म्हणजे १९-१९-१९-४३, व्होल्टेज १.२. जुनी पट्टी ३२०० ची असल्यानं तिला हे सोपंच जातं. उठलं. मग पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ रात्रभर लावलं, एकही एरर नाही, तेव्हाच मशीन परत दिलं. एरर आली असती तर व्होल्टेज थोडं वर, नाहीतर सरळ २४००. नुसतं विंडोज उघडलं म्हणून पास धरू नये, फाइली हळूहळू बिघडतात आणि दोष हार्ड डिस्कवर जातो.

आणि ज्याची स्क्रीन आधीच काळी झालीय त्यानं मुख्य वायर काढून बोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी काही मिनिटं बाहेर ठेवावी किंवा सीमॉसची पिन जोडावी, की एक्सएमपी पुसलं जातं.

ड्राफ्टिंग_उद्यमनगर
२६६६ वर मोठी असेंब्ली फिरवताना मला फरक जाणवला नाही. १६ जीबीवर मात्र मशीन गोठायचं.

कळंबा_नेटवर्क
मी तरी जुनं किट विकून ३२ जीबीचं एकच किट घेतलं असतं. रायझन ३६०० प्रोसेसरला रॅमचा वेग लागतो, आणि हातानं दिलेलं सेटिंग बायोस अपडेट केलं की पुसलं जातं. मग ऑफिसात कोण बसणार परत १९-१९-१९ टाकत?

लक्ष्मीपुरी_दुरुस्ती
अपडेटचा मुद्दा मान्य, म्हणून सेटिंगचा फोटो त्यांच्या कपाटाला आतून चिकटवलाय. विकून घेण्याचं मान्य नाही. जुन्या रॅमला लक्ष्मीपुरीत काय भाव येतो ते मला विचारा.

इचलकरंजी_फोटो
वीस मिनिटं थांबलो. उठलं. ३६०० दाखवतंय. आता ५२०० करून बघू का?