मदत हवी आहे: 'मी आठवतोय ना?' विचारलं की एआय 'हो' म्हणतो, पण बागेची माहिती भलतीच सांगतो

निफाडचा_बागायतदार: दोन एकर थॉमसन द्राक्षाची बाग आहे. ऑक्टोबर छाटणीपासून फवारणीचं नियोजन एआयशी बोलून करतोय. काल नवीन चॅट उघडून विचारलं, "मी निफाडचा, आठवतोय ना?" उत्तर आलं, "हो, नक्कीच! बाग कशी आहे?" छाटणीची तारीख विचारली तर १५ ऑक्टोबर ठोकून दिली. माझी छाटणी ४ तारखेची. दरवेळी सगळं नव्याने कसं सांगायचं?

सातपूरकर: सेटिंगमध्ये मेमरी चालू करा. मग सगळं लक्षात राहतं.

ओझरचा_भाऊ: पानांवर डाग आलेत का? आधी फवारणी उरका, गप्पा नंतर.

गंगापूररोड: सातपूरकर, सगळं नाही राहत. मॉडेलला उत्तर देताना समोरचा मजकूर तेवढा दिसतो. मेमरी चालू असेल तर ॲप काही निवडक नोंदी त्या मजकुराला जोडतं. त्यात 'थॉमसन' असेल, छाटणीची तारीख असेलच असं नाही.

आता 'हो' का म्हणालं? माणसांच्या लिखाणात "ओळखलंत का?" ला बहुतेक वेळा "हो, या ना" असंच उत्तर असतं. मॉडेल त्यावर शिकलंय, वर आपुलकीने बोलायचं वळणही त्याला लावलेलं असतं. त्या 'हो'मागे कुठलीही नोंद तपासलेली नसते. १५ ऑक्टोबरही तसंच, हंगामाला शोभेल अशी तारीख भरली. म्हणून असं विचारा: "माझ्या छाटणीची तारीख तुला कुठे लिहिलेली दिसते का? नसेल तर 'नाही' म्हण." तरीही चुकू शकतं, पण 'नाही' म्हणायला वाट मिळते.

ओळख मात्र तुम्हीच लिहून फोनमध्ये ठेवा. उदाहरणार्थ:

"निफाड, दोन एकर थॉमसन, काळी जमीन, ठिबक. छाटणी ४ ऑक्टोबर, आज २८. घड दिसू लागलेत. १९ ला मॅन्कोझेब मारलं. २२ ला पाऊस, पानं रात्रभर ओली. २६ ला काही पानांवर तेलकट डाग दिसले. डाऊनी वाटतो, खात्री नाही. गंधक नको असं आधीच ठरलंय. आज एवढंच ठरवायचंय: डाग डाऊनीचेच हे कसं ओळखू? काही कमी वाटलं तर आधी विचार."

यात पाहिलेलं आणि वाटलेलं वेगळं ठेवलंय, ते महत्त्वाचं. 'वाटतो' हा शब्द गाळलात तर मॉडेल डाऊनी धरूनच पुढे चालेल. नको ठरलेलं लिहिलं नाही तर तेच पुन्हा सुचवेल. औषधाचं प्रमाण मात्र लेबलवरूनच घ्या.

दिंडोरीची_ताई: मी शिकवणीचं जुनं चॅट पूर्ण चिकटवते. सोपं पडतं.

गंगापूररोड: ताई, त्यात रद्द केलेले बेतही असतात. कुठला शेवटी ठरला ते त्याला कळेलच असं नाही.

निफाडचा_बागायतदार: आजच लिहून ठेवतो. एक शंका राहिली. माझा सख्खा भाऊ याच खात्यातून त्याच्या सोनाका द्राक्षाबद्दल विचारतो. मेमरीत दोन्ही बागांची सरमिसळ झाली असेल का?

गंगापूररोड: होऊ शकते. सेटिंगमध्ये नोंदी दिसत असतील तर वाचून बघा आणि इथे टाका.