बस त्यांनी रद्द केली, भाडे परत मिळेना: पत्र तपासून द्याल का?

मानसी_नागपूर

मदत हवी आहे. पुणे–नागपूर एसी स्लीपरच्या दोन जागा बुकिंग अ‍ॅपवरून काढल्या होत्या. भाडे 2,800 आणि जीएसटी 140, असे 2,940 रुपये यूपीआयने भरले. गाडी सुटायच्या तीन तास आधी ट्रॅव्हल्सच्या ऑफिसातून फोन आला: "गाडी बिघडलीय, आज जाणार नाही. तुम्ही अ‍ॅपवरून तिकीट कॅन्सल करून टाका, पैसे येतील." मी तिकीट कॅन्सल केलेले नाही. दुसऱ्या गाडीला 4,400 मोजावे लागले.

आता महिना होत आला. ट्रॅव्हल्सवाले म्हणतात पैसे अ‍ॅपकडे आहेत. अ‍ॅपवाले म्हणतात ऑपरेटरने दुजोरा दिलेला नाही. मध्ये एकदा ऑफिसातून "2,380 मिळतील" असेही सांगितले. पत्राचा मसुदा असा आहे:

"महोदय, आपण ऐनवेळी बस रद्द केल्यामुळे आम्हांला प्रचंड मनस्ताप झाला. वारंवार फोन करूनही आपण उडवाउडवीची उत्तरे देता. माझे सर्व पैसे नुकसानभरपाईसह त्वरित परत करावेत, अन्यथा कायदेशीर कारवाई करण्यात येईल."

यात काय कमी आहे?

अमोल_ठाणे

ताई, रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. पाच दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढे रोज 100 रुपये दंड. पत्रात तेवढे ठणकावून लिहा, लगेच देतील.

घाटरस्ता

अमोल, नियम खरा आहे, पण इथे लागू होत नाही. 2019 चे ते परिपत्रक फसलेल्या व्यवहारांसाठी आहे, म्हणजे खात्यातून पैसे गेले आणि दुकानदाराला पोचलेच नाहीत अशांसाठी. मानसीताईंचे पैसे व्यवस्थित पोचले होते. सेवा मिळाली नाही हा वेगळा वाद आहे. चुकीचा नियम टाकला की समोरचा तेवढ्यालाच उत्तर देतो आणि मूळ मागणी बाजूला पडते.

मानसीताई, तिकीट कॅन्सल केले नाहीत हे फार बरे झाले. प्रवाशाने बटण दाबले की नोंद "प्रवाशाने रद्द केले" अशी पडते आणि कपात लागते. तुमचे 2,380 तिथूनच आलेले दिसतात: 2,800 चे 20 टक्के म्हणजे 560, ते 2,940 मधून वजा केले की 2,380. ऑपरेटरने फेरी रद्द केली असेल तर ही कपात लागायला नको.

अ‍ॅपवाले दुजोरा का मागतात, तेही सांगतो. फेरी रद्द झाल्याची नोंद ऑपरेटरला स्वतःच्या लॉगिनमधून करावी लागते. ती केली नाही तर अ‍ॅपच्या लेखी गाडी वेळेवर सुटली आणि तुम्ही चढलाच नाहीत. म्हणून पत्रातली पहिली मागणी पैशांची नको, ती नोंद करण्याची हवी.

मसुद्यात मनस्ताप आहे, पण तिकीट क्रमांक नाही. असे लिहा:

"विषय: तिकीट क्र. ____, पुणे–नागपूर, प्रवास दि. ____. आपण रद्द केलेल्या फेरीचे 2,940 रुपये परत मिळण्याबाबत.

वरील तिकिटासाठी मी दि. ____ रोजी यूपीआयने 2,940 रुपये भरले, व्यवहार क्र. ____. प्रवासाच्या दिवशी ____ वाजता आपल्या ____ या क्रमांकावरून, गाडी बिघडल्याने फेरी रद्द झाल्याचे मला कळवण्यात आले. पर्यायी गाडी देण्यात आली नाही. तिकीट मी रद्द केलेले नाही, त्यामुळे कोणतीही कपात मला मान्य नाही.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत फेरी आपल्याकडून रद्द झाल्याची नोंद बुकिंग अ‍ॅपवर करावी, पूर्ण रक्कम मूळ खात्यात जमा करावी आणि परताव्याचा संदर्भ क्रमांक लेखी कळवावा.

पर्यायी प्रवासासाठी झालेल्या 1,460 रुपयांच्या जादा खर्चाची मागणी मी राखून ठेवत आहे.

मुदतीत रक्कम न आल्यास मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे आपल्याविरुद्ध आणि बुकिंग अ‍ॅपविरुद्ध एकत्रित तक्रार करीन."

सोबत तिकीट, यूपीआयची पावती, त्या फोनचा कॉल लॉग आणि दुसऱ्या गाडीचे तिकीट जोडा. पत्राची प्रत अ‍ॅपच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेलने पाठवा. त्याचे नाव आणि संपर्क अ‍ॅपवर देणे 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनी बंधनकारक आहे. तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवे. ग्राहक सेवेच्या चॅटवर कितीही बोललात तरी ते या अधिकाऱ्याकडे पोचले असे धरू नका.

बार्शीकर_दादा

माझंही असंच झालं. पिकअपची जागा बदलल्याचा मेसेज उशिरा आला, गाडी निघून गेली. मलापण पूर्ण पैसे मिळतील का? पत्र हेच वापरू?

घाटरस्ता

दादा, हे पत्र वापरू नका. तुमची गाडी गेली होती, रद्द झाली नव्हती. तुमचा मुद्दा बदल वेळेत न कळवल्याचा आहे. मेसेज किती वाजता आला आणि तिकिटावर कोणती जागा छापली होती, यावर सगळे ठरेल. वेगळा धागा काढा, तिथे बघू.

मानसी_नागपूर

दोन अडचणी आहेत. रद्दचा निरोप फक्त फोनवर आला, लेखी काहीच नाही. आणि तिकिटावर ऑपरेटरचा पत्ता नाही, पत्र पाठवू कुठे?

तळटीप

फोनवरचे बोलणे आजच कागदावर आणा. ज्या नंबरवरून फोन आला त्याच नंबरला व्हॉट्सअ‍ॅप करा: "दि. ____ रोजी ____ वाजता आपण फोन करून गाडी बिघडल्याने फेरी रद्द झाल्याचे सांगितले. यात काही चूक असल्यास कळवावे." उत्तर आले तर उत्तमच. नाही आले तरी तुम्ही कळवले होते याची नोंद राहते. अ‍ॅपवर गाडीचे लाइव्ह ट्रॅकिंग दिसत असेल, तर त्या रात्रीचा जीपीएस तपासा अशी लेखी मागणी अ‍ॅपकडे करा. गाडी पुण्यातून हललीच नसेल, तर दुजोऱ्यासाठी ऑपरेटरच्या तोंडाकडे बघायचे कारणच उरत नाही.

पत्त्यासाठी तिकिटावरचा किंवा बिलावरचा जीएसटी क्रमांक services.gst.gov.in वर Search Taxpayer मध्ये टाका. नोंदणीतले कायदेशीर नाव आणि व्यवसायाचे मुख्य ठिकाण दिसते. आधी तो क्रमांक कोणाचा आहे ते मात्र बघा. अ‍ॅपवरून काढलेल्या तिकिटावर पुष्कळदा अ‍ॅपचाच क्रमांक छापलेला असतो. तसे असेल तर ऑपरेटरचे नाव-पत्ता अ‍ॅपकडून लेखी मागवा. बुकिंग खिडकीवरच्या माणसाकडे पत्र देऊन येऊ नका, स्पीड पोस्टने पाठवा आणि पोचल्याचे पान जपून ठेवा.

घाटरस्ता यांच्या एका गोष्टीशी मात्र मी सहमत नाही. 1,460 राखून कशाला ठेवायचे? आत्ताच मागावेत. नंतर मागितले की ते उगाच वाढवल्यासारखे दिसतात.

घाटरस्ता

दोन्ही रकमा एकत्र मागितल्या की ऑपरेटर 1,460 वर वाद घालतो आणि ज्या 2,940 बद्दल वादच नाही तेही अडकून पडतात. म्हणून वेगळे ठेवले. शिवाय त्या रात्री स्वस्त गाडी होती का, हा प्रश्न येणारच.

तळटीप

म्हणूनच त्या रात्रीच्या इतर गाड्यांचे दर दाखवणारा स्क्रीनशॉट असेल तर तो लावा. माझे मत कायम आहे.

अमोल_ठाणे

आणि 15 दिवसांनी काय? 1915 ला फोन केला की काम होतं ना?

घाटरस्ता

1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. ते तक्रार कंपनीकडे पाठवून पाठपुरावा करतात, पण आदेश देऊ शकत नाहीत. आदेश हवा तर जिल्हा आयोग. मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार चालते, म्हणजे नागपुरातच, आणि मुदत दोन वर्षांची आहे. ऑनलाइनही दाखल करता येते.

मानसी_नागपूर

पत्र बदलले. आत्ताच अ‍ॅपवर "रिफंड प्रोसेस्ड" असे दिसतेय, पण खात्यात काही नाही. थांबू का?

तळटीप

पत्र थांबवू नका. किती रक्कम प्रोसेस केली आणि परताव्याचा 12 अंकी यूपीआय संदर्भ क्रमांक काय, हे अ‍ॅपला विचारा. क्रमांक मिळाला तर तो घेऊन बँकेकडे चौकशी करता येईल. तो देत नसतील तर पैसे निघाले असे समजू नका. आणि रक्कम 2,380 निघाली, तर उरलेल्या 560 साठी हेच पत्र जाऊ द्या.