विषय: वेळ संपल्यावरही थांबलेल्या फार्मासिस्टचे आभार

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार,

आमच्या पाच वर्षांच्या मुलीला फ्लू झाल्याचे निदान होऊन डॉक्टरांनी ओसेल्टामिवीरचे पातळ औषध लिहून दिले, परंतु तीन दुकाने पालथी घालूनही ते मिळाले नाही. हे औषध ४८ तासांच्या आत सुरू केल्यास अधिक उपयोगी पडते आणि ताप चढून ४० तास उलटले होते. चौथ्या दुकानातील फार्मासिस्टबाई दिवे मालवत होत्या. त्यांनी तिथूनच डॉक्टरांना फोन करून संमती घेतली, ७५ मिलिग्रॅमच्या आठ कॅप्सूल उघडल्या, पूड खलात घोटली आणि गोड द्रव थोडाथोडा घालत १०० मिलिलिटर औषध तयार केले. मुलीचे वजन १८ किलो असल्याने तिला दिवसातून दोनदा ४५ मिलिग्रॅम, म्हणजे साडेसात मिलिलिटर, द्यायचे होते. बाईंनी सिरिंजवर त्या रेघेशी पेनने खूण केली आणि माझ्याकडून पाणी ओढून दाखवून घेतले. त्यांचे ऋण कसे मानावे, हे कळत नाही.

— एक आई

आदरणीय ताई,

मुलगी सुखरूप आहे हे वाचून बरे वाटले. परंतु कॅप्सूल घरीच उघडून साखरेच्या पाकात घालता आली असती, मग एवढा खटाटोप कशासाठी?

— मंडळाचा एक जुना सभासद

महोदय,

आपले म्हणणे अर्धे बरोबर आहे. ४५ मिलिग्रॅमची कॅप्सूल हाती असती, तर ती अख्खी गोड पदार्थात मिसळून देता आली असती. ७५ च्या कॅप्सूलमधील पुडीचे पाचातील तीन भाग मात्र स्वयंपाकघरात नेमके कोण मोजणार? एक सावधगिरी सांगतो: हे औषध पूर्वी मिलिलिटरला १२ मिलिग्रॅम असे मिळे, आता ६ असते, म्हणून इंटरनेटवरील जुन्या तक्त्यावरून मिलिलिटर ठरवू नयेत. बाटली फ्रिजमध्ये ठेवावी आणि दर वेळी चांगली हलवावी, कारण पूड तळाशी बसते.

— निवृत्त फार्मासिस्ट

नमस्कार,

माझ्या मुलाचे मागच्या महिन्यातील अँटिबायोटिक अर्धे उरले आहे. तेही असेच फ्लूसाठी चालेल काय?

— नवीन सभासद

नाही. अँटिबायोटिक फ्लूच्या विषाणूवर चालत नाही आणि उरलेले औषध मनाने देऊ नये.

— निवृत्त फार्मासिस्ट

सर्वांचे आभार. दहा डोसांत ७५ मिलिलिटर संपले. उरलेले २५ मी दुकानात परत देणार आहे. दुकान मोठ्या साखळीचे असल्याने मुख्य कार्यालयाला आभारपत्र धाडावेसे वाटते, परंतु वेळेनंतर दुकान उघडे ठेवले म्हणून बाईंनाच जाब विचारला गेला तर? कोणाला अनुभव असल्यास कृपया कळवावे. तोवर पत्र पाकिटातच आहे.

— एक आई