युरो-डॉलर २०१४-१५ : उतार बँकांनी घडवला की कारण मागाहून चिकटवलं?

सह्यकडा : डेली चार्टवर युरो मे २०१४ मध्ये १.४० डॉलरच्या उंबरठ्यावर होता, मार्च २०१५ मध्ये १.०५ च्या खाली. दहा महिने जवळपास सरळ उतार. अमेरिकेची मध्यवर्ती बँक फेड आणि युरोपची मध्यवर्ती बँक ईसीबी यांची धोरणं दोन दिशांना गेली म्हणून, असं सगळे सांगतात. पण फेडने दर वाढवला डिसेंबर २०१५ मध्ये. तेव्हा युरो का पडला नाही?

दोरखंड : सोपं आहे. व्याज जिथे जास्त, तिथे पैसा जातो.

जुनी_वही : तेवढंच असतं, तर धागाकर्त्याचा प्रश्न उरलाच नसता. चार्टवर तारखा मांडून बघा. ८ मेला युरो १.४० ला टेकत होता. त्याच दिवशी ईसीबीचे तेव्हाचे अध्यक्ष द्रागी यांनी पुढच्या बैठकीत पाऊल उचलायची तयारी दाखवली आणि भाव वरून उलटला. ५ जूनला ईसीबीने ठेवींवरचा दर उणे ०.१० टक्के केला. ऑक्टोबरात फेडने रोखेखरेदी संपवली, तर जानेवारीत ईसीबीने महिना ६० अब्ज युरोंची जाहीर केली. बाजार आजच्या दरावर नाही, पुढच्या अंदाजावर चालतो. ईसीबीची खरेदी ९ मार्चला प्रत्यक्ष सुरू झाली आणि आठवडाभरात तळ आला! १८ मार्चला फेडने दरवाढीचे स्वतःचेच अंदाज खाली आणले, तेव्हा युरोने जोरात उसळी घेतली. डिसेंबरची दरवाढ भावात आधीच मुरली होती.

पुणेकर_आई : मुलीला तेव्हा जर्मनीत खर्चाला पैसे पाठवत होते. ८२-८३ रुपयांचा युरो ६७ च्या आसपास आला. रुपया इतका मजबूत झाला होता का?

जुनी_वही : नाही, ताई. डॉलरसमोर रुपया थोडा घसरलाच होता. युरो त्याहून कितीतरी जास्त पडला, म्हणून तुम्हाला स्वस्त मिळाला.

सह्यकडा : "आधीच मुरलं होतं" हे कशालाही लावता येतं. आधी ओळखायचं कसं?

जुनी_वही : अमेरिका आणि जर्मनीच्या दोन वर्षांच्या रोख्यांच्या परताव्यातला फरक चार्टखाली लावा. बातमी येऊनही तो रुंदावत नसेल, तर उताराचा जोर संपत आलाय. आणि बातमीची अपेक्षेशी तुलना करा. ३ डिसेंबर २०१५ ला ईसीबीने दर उणे ०.३० केला, तरी युरो एका दिवसात सुमारे तीन टक्के चढला, कारण बाजाराला याहून मोठं काहीतरी हवं होतं.

दोरखंड : मग २०२५ चं काय? जूनपर्यंत ईसीबीने दर २ टक्क्यांवर आणला, फेड ४.२५ ते ४.५० वर बसून होती, तरी युरो वर्षारंभीच्या १.०३ च्या आसपासून जूनअखेर १.१७ च्या वर गेला.

जुनी_वही : तिथे परताव्यातल्या फरकाची माझी पट्टी अपुरी पडते, हे मान्य. एप्रिलच्या आयातशुल्कांनंतर लोक डॉलरमधली जोखीमच कमी करू लागले, असं मला वाटतं.

सह्यकडा : म्हणजे पट्टी चालेनाशी झाली की कारण बदलायचं. माझा आक्षेप नेमका हाच आहे.