घातश्रेणीची टोके आणि आठवड्याची उजळणी

«रिअल ॲनालिसिसचा पेपर आठवड्यावर आला आहे. क्रमिका, श्रेणींच्या कसोट्या आणि घातश्रेणी यांना किती दिवस द्यावेत?»

क्रमिकांना दोन दिवस पुरतील. त्यांत ε-N च्या सिद्धता आणि एकदिक सीमाबद्ध क्रमिकेचा सिद्धांत पुस्तक मिटून लिहून काढावा. त्यानंतरचे तीन दिवस कसोट्यांना द्यावेत, कारण घातश्रेणीचे गुण बहुधा तिथेच जातात. सहाव्या दिवशी घातश्रेणी आणि सातव्या दिवशी वेळ लावून एक जुना पेपर, एवढे पुरे आहे.

कसोट्यांना झुकते माप का, हे Σ (x−2)ⁿ/(n·3ⁿ) या श्रेणीवरून दिसेल. गुणोत्तर कसोटीने मिळणारी सीमा |x−2|/3 आहे, म्हणून अभिसरण त्रिज्या 3 येते आणि −1 < x < 5 मध्ये श्रेणी अभिसारी ठरते. अनेक जण इथेच थांबतात. पण टोकांवर ही सीमा नेमकी 1 होत असल्याने गुणोत्तर कसोटी तिथे काहीच सांगत नाही (मूळ कसोटीही नाही). x = 5 घेतल्यास Σ 1/n ही हरात्मक श्रेणी मिळते आणि तिची पदे शून्याकडे जात असूनही ती अपसारी असते. x = −1 घेतल्यास Σ (−1)ⁿ/n मिळते; 1/n घटत जाऊन शून्याकडे जाते, या दोन्ही अटी लिहून लाइब्निट्झची कसोटी लावली की ती अभिसारी ठरते, मात्र निरपेक्ष अभिसारी नव्हे. उत्तर [−1, 5) असे येते.

कसोट्यांचा सराव करताना प्रत्येक उदाहरणापुढे निवडलेल्या कसोटीच्या अटी आधी लिहाव्यात, आकडेमोड नंतर करावी.