मदत हवी आहे: सरांच्या स्मृतिव्याख्यानाचा क्रम आणि खर्च

आमच्या दिवंगत गणिताच्या सरांच्या नावे दरवर्षी व्याख्यान होतं. ट्रस्टच्या मुदत ठेवीचं फक्त व्याज खर्चायचं, मुद्दलाला हात लावायचा नाही. यंदा व्याज घटलंय. बाहेरगावचा वक्ता बोलावला तर प्रवास आणि मानधनातच ते संपेल. सरांचाच एखादा विद्यार्थी, जो आज गणित शिकवतो, त्याला बोलवावं असं मला मनापासून वाटतं. विश्वस्तांना मात्र मोठं नाव हवंय.

गेल्या वर्षी दीपप्रज्वलन, सत्कार, आठवणी यांतच तास गेला आणि व्याख्यानाच्या वेळी मागच्या रांगा रिकाम्या झाल्या. परिचयानंतर थेट व्याख्यान, मग बक्षिसं आणि आभार असा क्रम कुणी ठेवलाय का? निमंत्रणपत्रिकेत विषय ठळक छापून विश्वस्तांची नावं खाली घेतली, तर मानापमान कसा टाळायचा?