टोमॅटो १२० रुपये किलो: ऑरगॅनिकच्या कागदावर नेमकं काय लिहिलेलं असतं?

सायली, विलेपार्ले

आमच्या सोसायटीच्या गेटाबाहेर दर रविवारी ऑरगॅनिक भाजीचा स्टॉल लागतो. टोमॅटो १२० रुपये किलो, पालकाची जुडी ६०. स्टेशनजवळच्या लारीवर टोमॅटो ४० ला मिळतो. स्टॉलवर लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट टांगलंय. घरात दोन वर्षांची लेक आहे म्हणून गेले चार महिने तिथूनच घेतेय. नवरा म्हणतो, पैसे पाण्यात चाललेत. त्या सर्टिफिकेटचा अर्थ काय धरायचा आणि एवढा फरक द्यावा का?

अविनाश, ठाणे

तुमच्या मिस्टरांचं बरोबर आहे. कुठल्या पिकावर कुठल्या औषधाचा किती अंश चालेल, याची मर्यादा सरकारने साध्या भाजीसाठीही ठरवलेली आहे. बाकी राहिलं ते मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवलं की निघून जातं. जीवनसत्त्वं दोन्हींत सारखीच. तिप्पट पैसे कशाचे? त्याच पैशात मुलीला रोज एक फळ जास्त मिळेल.

अनिरुद्ध, डोंबिवली

सायलीताई, मी नऊ वर्षं सेंद्रिय शेतांची तपासणी करत होतो, त्यामुळे आधी कागदाबद्दल बोलतो. प्रमाणपत्र दुकानाला किंवा ब्रँडला मिळत नाही. ते ठरावीक शेतकऱ्याच्या किंवा गटाच्या ठरावीक जमिनीला, त्यावरच्या ठरावीक पिकांना आणि ठरावीक मुदतीपुरतं मिळतं. सोबत एक जोडपत्र असतं, त्यात पिकांची नावं आणि क्षेत्र लिहिलेलं असतं. स्टॉलवाले पहिलं पान टांगतात, कारण त्यावर शिक्के असतात. कामाचं पान दुसरं.

आपल्याकडे दोन रस्ते आहेत. एक एनपीओपी, म्हणजे केंद्राचा राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम. तो २००१ पासून अपेडा या सरकारी निर्यात संस्थेच्या देखरेखीखाली चालतो आणि बाहेरची प्रमाणन संस्था वर्षाला तपासणी करते. त्याचं चिन्ह इंडिया ऑरगॅनिक. दुसरा पीजीएस, म्हणजे सहभागातून हमी, कृषी मंत्रालयाचा. त्यात निदान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासतो. पीजीएसमध्ये ‘ग्रीन’ लिहिलेलं असेल तर ती जमीन अजून रूपांतरात आहे, पूर्ण सेंद्रिय झालेली नाही. हंगामी पिकांसाठी हा काळ साधारण दोन वर्षांचा, फळबागांसाठी तीन. पाकिटावर यांपैकी एक चिन्ह आणि शिवाय एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं जैविक भारत हे चिन्ह असायला हवं. हे नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहेत.

सुट्या भाजीत मात्र एक वाट मोकळी ठेवलेली आहे. वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेला शेतकरी स्वतःचा माल थेट गिऱ्हाइकाला विकत असेल, तर त्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही. फक्त त्याने जैविक भारत चिन्ह लावायचं नाही. ही सवलत पिकवणाऱ्याला आहे, वाशीहून माल आणून विकणाऱ्याला नाही. म्हणून स्टॉलवरचा माणूस स्वतः शेतकरी आहे की व्यापारी, हे सगळ्यात आधी विचारा. मग जोडपत्र मागा.

सायली, विलेपार्ले

आज मुद्दाम जाऊन विचारलं. तो म्हणाला, ‘नाशिककडच्या आमच्या गटाचं आहे.’ दुसरं पान मागितल्यावर जरा कुरकुरला, पण मोबाइलवर दाखवलं. त्यात भात, नागली, वरई आणि हळद एवढंच आहे. सदतीस शेतकरी. मुदत गेल्या मार्चमध्ये संपलेली. टोमॅटोचा उल्लेख कुठेच नाही. तो म्हणतो नूतनीकरण चालू आहे.

अनिरुद्ध, डोंबिवली

मग तो कागद तुमच्या टोमॅटोला लागूच होत नाही. नूतनीकरण आजच झालं तरी पिकांच्या यादीत टोमॅटो यावा लागेल. तो गट खराच असेल, त्यांची नागली खरोखर सेंद्रिय असेल. पण त्या नागलीच्या जोरावर तुमच्याकडून टोमॅटोचे १२० घेतले जाताहेत.

आणखी एक खूण सांगतो. स्टॉलवर मे महिन्यात मटार आणि फ्लॉवर असतात का? एका तालुक्यातल्या गटाकडे बारा महिने सगळ्या भाज्या असूच शकत नाहीत. ज्याच्याकडे कधी नुसती मेथी, दुधी आणि तीन प्रकारचे वेल एवढंच असतं आणि ‘टोमॅटो पुढच्या महिन्यात येईल’ असं जो सांगतो, त्याच्यावर मी जास्त विश्वास ठेवेन.

शुभदा, गिरगाव

आमच्याकडे चाळीस वर्षं वसईच्या बायका पहाटेच्या गाडीने भाजी घेऊन यायच्या. कुणी लेबल बघितलं नाही. त्यांची वांगी किडकी निघायची आणि तीच चांगली, असं सासूबाई म्हणायच्या. हापूससुद्धा गवतात पिकवलेला घ्यायचो, आता सगळं कार्बाइड. देवगडचा म्हणून ज्याच्यावर शिक्का असतो तो ऑरगॅनिकच ना?

नेहा, मुलुंड

शुभदाकाकू, देवगडचं मानांकन आंबा कुठला आहे ते सांगतं, कसा पिकवला ते नाही. देवगडच्या बागेतही फवारणी होते. कार्बाइडने फळ पिकवायला बंदी आहेच, ती सगळ्याच आंब्यांना, सेंद्रिय असो वा नसो. आणि कीड दिसली म्हणजे औषध मारलेलं नाही, असं धरून चालू नका. चुकीच्या वेळी फवारलेल्या वांग्यातही अळी राहते.

अविनाशदादा, मी अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. धुण्याबद्दल तुम्ही अर्धं बरोबर आहात. वरवर बसलेलं औषध, माती आणि जंतू धुतल्याने कमी होतात. पण काही औषधं आंतरप्रवाही असतात, झाड ती आत शोषून घेतं. टोमॅटोवर पांढऱ्या माशीसाठी इमिडाक्लोप्रिड वापरतात, ते त्यातलंच. मिठाचं पाणी तिथवर पोचत नाही. सेंद्रिय मालाला मर्यादा खूप कडक आहे: साध्या मालाला जेवढा अंश चालतो त्याच्या ५ टक्के, किंवा यंत्राला खात्रीने मोजता येईल तेवढा किमान अंश, यांत जे जास्त असेल ते. शून्य मात्र नाही, कारण शेजारच्या शेतातून वाऱ्याने येतंच. कडुनिंबाचा अर्क आणि गंधक सेंद्रिय शेतीतही चालतात, तेव्हा ‘फवारणीच नाही’ असं सांगणाऱ्यालाही दोन प्रश्न विचारा.

अविनाश, ठाणे

आंतरप्रवाही औषधांचं मला माहीत नव्हतं, मान्य. पण मूळ मुद्दा तसाच आहे. साधा टोमॅटो मर्यादेच्या आत असेल, तर ५ टक्के आणि १०० टक्के यांतला फरक माझ्या तब्येतीला कळेल, हे कुणी दाखवलंय? आणि रेल्वेकडेला नाल्याच्या पाण्यावर पालक पिकत आलाय, त्याची मला जास्त काळजी वाटते. तिथे औषध मारलं की नाही, हा प्रश्नच गौण आहे.

नेहा, मुलुंड

तब्येतीचा फरक ठामपणे दाखवता येत नाही, हे खरं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१२ मध्ये जुने अभ्यास एकत्र करून पाहिले. सेंद्रिय मालात कीटकनाशकाचे अंश आढळण्याचं प्रमाण कमी होतं, पोषणात लक्षणीय फरक दिसला नाही. पण सायलीचा प्रश्न जीवनसत्त्वांचा नाही. तिला औषध कमी हवंय आणि ते मागणं वावगं नाही.

पांडुरंग, जुन्नर

मी शेतकरी, आमचा सात जणांचा पीजीएस गट आहे. अनिरुद्ध साहेब, सगळं कागदावर नेऊ नका. तुम्ही वर्षातून एकदा येता, आम्ही एकमेकांच्या बांधावर रोज असतो. गटातल्या एकाने करप्यावर गुपचूप औषध मारलं होतं. कुठल्या तपासनिसाला नाही, शेजाऱ्यालाच वास आला. त्या हंगामाला त्याला गटाबाहेर ठेवलं.

भावाचंही सांगतो. माझ्याकडून गोळा करणारा टोमॅटो ४५ रुपयांनी नेतो, तोच मुंबईत ११० ला लागतो. एकरी माल मला कमीच निघतो, शिवाय शंभर किलोतले वीस-पंचवीस किलो डाग म्हणून बाजूला पडतात. मधले पैसे गाडी, पॅकिंग आणि सडलेला माल यांत जातात. सेंद्रिय माल थोडा-थोडा येतो, म्हणून टेम्पो अर्धा रिकामा धावतो. प्रमाणपत्राचा खर्च यात फार नाही. दोनेक महिन्यांपूर्वी आम्ही मुलुंडच्या एका सोसायटीत थेट माल द्यायला सुरुवात केली. टोमॅटो ७५ ला देतो, आम्हाला ६० सुटतात.

अनिरुद्ध, डोंबिवली

पांडुरंगदादा, शेजाऱ्याची नजर तपासनिसापेक्षा तिखट असते, हे मला शेतातच कळलं. एका शेतावर शेतदैनंदिनी पाहिली, वर्षभराच्या नोंदी एकाच शाईत, एकाच बसकणीत लिहिलेल्या. खताच्या पावत्या मात्र जोडलेल्या. हे आम्हाला दिसलं, कारण आम्ही कागद वाचतो. बांधावरचा वास आम्हाला येत नाही. पण सातही जणांनी मिळून डोळेझाक केली तर तुमच्या गटात बाहेरचा कुणी नाही. म्हणून पीजीएसचा माल गटाकडून थेट घ्यावा, चार हातांतून फिरलेला घेऊ नये, असं माझं मत आहे.

एनपीओपीत प्रमाणित व्यापाऱ्याने प्रमाणित माल विकत घेतला की किती किलो विकला, याचा व्यवहार दाखला निघतो. त्यामुळे दहा क्विंटल पिकवून पन्नास क्विंटल विकणं अवघड होतं. डाळ, तांदूळ, हळद अशा बंद पाकिटांना ही साखळी लागू पडते. सुट्या टोमॅटोच्या टोपलीला ती लावणार कशी? म्हणून माझ्या घरी तूर डाळ आणि हळद चिन्ह पाहून जास्त पैसे देऊन घेतो. भाजी पिकवणारा ओळखीचा असेल तरच, नाहीतर दादरच्या मंडईतून साधी आणतो.

पांडुरंग, जुन्नर

हे मला पटत नाही. औषध सगळ्यात जास्त भाजीवरच मारतात, आणि तुम्ही पैसे डाळीवर खर्च करताय.

अनिरुद्ध, डोंबिवली

खरं आहे. जिथे गरज जास्त, तिथेच खात्री कमी. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

सायली, विलेपार्ले

पुढच्या रविवारी स्टॉलवाल्याला टोमॅटो कुठल्या गावचा आणि कुणाच्या शेतातला, एवढंच विचारणार आहे. नाव सांगता आलं नाही तर बंद. नवऱ्याला मान्य आहे, पण त्याचं म्हणणं आहे की मे महिन्यातल्या मटाराबद्दल आधी विचार. पांडुरंगदादा, पार्ल्याला वीस घरं जमवली तर तुमचा टेम्पो येईल का?

पांडुरंग, जुन्नर

वीस नाही परवडत, ताई. पस्तीस घरं आणि महिन्याचे पैसे आगाऊ असतील तर येऊ. टोमॅटो मात्र जूननंतर काही आठवडे मिळणार नाही, हे आत्ताच सांगतो.